“नको” किती जोराचं आहे? फारसी तआरोफ़ इंग्रजी सबटायटल्समध्ये उतरवताना

प्रश्न: मी फारसी शिकले आहे आणि सध्या एका इराणी लघुपटाची इंग्रजी सबटायटल्स करते आहे. एका प्रसंगात प्रवासी भाडं विचारतो, टॅक्सीवाला «क़ाबेली नदारे» म्हणतो. मी “इट्स फ्री” लिहिलं, पण पुढच्याच क्षणी प्रवासी पैसे मोजताना दिसतो. दुसऱ्या प्रसंगात एक गृहस्थ दारात तीनदा “नो” म्हणतात आणि मग सरळ आत जाऊन जेवायला बसतात. ज्यांना दाखवलं त्यांना ते गृहस्थ लहरी वाटले आणि यजमानीण गळ्यात पडणारी. तळटीप द्यायला जागा नाही. काय करावं?

उत्तर:

तुमचं फारसी चुकलेलं नाही. चुकलंय ते वजन. फारसी प्रेक्षकाला प्रत्येक आग्रह आणि प्रत्येक नकार ऐकताच कळतं की हा किती जोराचा आहे, दार अजून उघडं आहे की बंद झालं. इंग्रजी वाक्यालाही असंच स्वतःचं वजन असतं, आणि ते शब्दशः भाषांतरात आपोआप येत नाही. “नो” हा इंग्रजीत फार जड शब्द आहे, फारसीतला «न» तआरोफ़च्या, म्हणजे शिष्टाचाराच्या आग्रह-नकाराच्या, पहिल्या फेरीत अगदी हलका असतो. तेव्हा प्रत्येक ओळीसाठी “ही व्यक्ती काय म्हणाली” यापेक्षा “हिने दार किती उघडं ठेवलं” हे ठरवायचं आणि तेवढंच उघडं राहील असं इंग्रजी वाक्य शोधायचं.

आधी शब्दाबद्दल थोडं, कारण आपल्या कानाला तो फसवतो. हिंदी-उर्दूतला “तआरुफ़” म्हणजे ओळख, परिचय. मूळ अरबी शब्द तोच, आणि आपल्याकडे रुळलेली “तारीफ”ही त्याच धातूतून आलेली. पण आजच्या फारसीत तआरोफ़ म्हणजे देण्याघेण्यातलं, येण्याजाण्यातलं, मान देण्यातलं सगळं शिष्टाचाराचं बोलणं. शिवाय «तआरोफ़ कर्दन» या क्रियापदाचा एक अगदी साधा अर्थही आहे: पुढे करणं, देऊ करणं. «सीगार तआरोफ़ कर्द» म्हणजे त्याने सिगारेट पुढे केली, बस. तिथे शिष्टाचाराची चर्चा चाललेली नाही. पटकथेत हा शब्द दिसला की आधी हे वेगळं काढा.

मराठी माणसाला या कामात एक मोठी सोय आहे. आपण जेवत असताना कुणी आलं की आपण “या जेवायला” म्हणतो आणि तो “होऊ द्या, सावकाश होऊ द्या” म्हणतो. दोघांनाही ठाऊक असतं की ताट वाढायचं नाहीये, आणि तरी हे बोललं नाही तर चुकल्यासारखं होतं. फारसीत खाणारा माणूस समोरच्याला «बेफ़र्मायीद» म्हणतो ते अगदी हेच. ते ऐकून तुम्हाला जे वाटतं, ते इंग्रजी वाचणाऱ्याला वाटायला हवं, एवढं मनाशी ठेवलंत तरी निम्मं काम होतं. मात्र हा कान पैशाच्या बाबतीत तितकासा उपयोगी पडत नाही. “तुम्हाला काय द्यायचं ते द्या” असं एखादा रिक्षावाला म्हणतो, पण किराणा दुकानदार सहसा “याची किंमत काही नाही” असं म्हणत नाही. इराणमध्ये दुकानात, टॅक्सीत, न्हाव्याकडे ते सहज बोललं जातं, आणि पैसे द्यायचेच असतात.

आता काम कसं करायचं ते. मी प्रसंग नेहमी शेवटाकडून वाचतो. शेवटी तो माणूस आत जातो की निघून जातो? पैसे दिले जातात की नाही? हे कळल्याशिवाय पहिल्या ओळीचं भाषांतर ठरवता येत नाही. «बेफ़र्मायीद तू», म्हणजे “आत या ना”, हे वाक्य तोंडदेखलं असू शकतं, मनापासूनचं असू शकतं, आणि बऱ्याचदा बोलणाऱ्यानेही अजून ठरवलेलं नसतं. तो आधी विचारून पाहतो आणि समोरच्याच्या उत्तरावरून पुढचं ठरवतो. «तआरोफ़ ऊमद नयूमद दारे» अशी फारसीत म्हण आहे: तआरोफ़ लागूही पडतो, नाहीही पडत. म्हणजे तुम्ही रीत म्हणून आग्रह केलात आणि समोरच्याने “हो” म्हटलं, तर निस्तरायची तयारी ठेवा.

तोंडदेखला आग्रह ओळखायचा कसा? वाक्य एकटं घेतलं तर ओळखता येत नाही, पण आजूबाजूला खुणा असतात. मनापासूनच्या आग्रहात काहीतरी ठोस असतं: दिवस, वेळ, पदार्थ, आधीच ठेवलेलं चहाचं पाणी, उघडलेलं दार, पुढे केलेल्या चपला. तोंडदेखल्या आग्रहात ठोस काही नसतं आणि तो बहुधा निरोपाच्या क्षणी येतो, कुणाला घरापर्यंत सोडल्यावर, पाठ वळता वळता. यासाठी फारसीत खास नाव आहे, «तआरोफ़-ए शाह-अब्दोलअज़ीमी», तेहरानच्या दक्षिणेला रय इथे शाह अब्दोलअज़ीमचा दर्गा आहे त्याच्यावरून आलेलं. दुसरी खूण म्हणजे आग्रह पुन्हा होतो का, आणि दुसऱ्यांदा होताना त्यात नवीन काही येतं का. तेच वाक्य पुन्हा आलं तर ती बहुधा रीत, “जेवण तयार आहे” असं नवं काही जोडलं गेलं तर आग्रह खरा. “तीनदा नाही म्हणायचं, मग हो” असा नियम पुस्तकी माहितीत वाचायला मिळतो, त्यावर विसंबू नका. जवळच्या मित्रांत एकाच फेरीत आटपतं, आणि वयाने किंवा मानाने मोठ्या व्यक्तीसमोर पाच फेऱ्याही होतात.

नकाराचंही तसंच. तआरोफ़मधला नकार जवळजवळ नेहमी यजमानाच्या त्रासाबद्दल बोलतो: «मोज़ाहेम नेमीशम», तुमच्या कामात व्यत्यय आणत नाही, «ज़हमत नेमीदम», तुम्हाला तोशीस देत नाही. पाहुण्याला हवं आहे की नको, याबद्दल त्यात अक्षरही नसतं. खरा नकार पाहुण्याच्या बाजूचं कारण देतो: घरी माणसं आली आहेत, डॉक्टरकडे वेळ घेतली आहे, गोड चालत नाही. इथे सावध राहावं लागतं ते “पोट भरलंय” या कारणापाशी. ते दोन्हीकडे चालतं, आणि कलाकाराचा चेहरा पाहूनच ठरवावं लागतं.

हा फरक आपल्या फार कामाचा आहे, कारण इंग्रजीतही नेमका तोच आहे. “नो, थँक यू” हा बंद झालेला नकार. त्यात माझी इच्छा सांगितली आहे, पुन्हा विचारणारा माणूस उद्धट ठरतो. “आय डोन्ट वॉन्ट टू बॉदर यू” हा उघडा नकार. त्यात तुमच्या त्रासाची काळजी आहे, आणि “त्रास नाही हो” एवढं म्हटलं की तो सुटतो. म्हणजे इंग्रजीला तआरोफ़ अगदीच परका नाही. “ओह, आय कुडन्ट”, “यू शुडन्ट हॅव”, “आर यू शुअर?”, “यू मस्ट कम फॉर डिनर समटाइम” ही सगळी इंग्रजीची घरचीच भांडी आहेत. शेवटचं वाक्य तर बिनतारखेचं आमंत्रण, म्हणजे पक्कं शाह-अब्दोलअज़ीमी. फारसीत हे सगळं अधिक वेळा, अधिक फेऱ्यांत आणि पैशाच्या व्यवहारातही चालतं, एवढाच फरक.

यावरून माझा एक पक्का नियम आहे: कडक शब्द राखून ठेवायचे. “नो, थँक यू”, “आय कान्ट”, “आय हॅव टू गो” हे शब्द संपूर्ण चित्रपटात फक्त खऱ्या नकारासाठी वापरायचे. पहिल्याच रीतीच्या नकाराला “आय कान्ट” लिहून टाकलं, तर पुढे एखादी व्यक्ती खरोखर नाही म्हणेल तेव्हा तुमच्याकडे शब्दच उरत नाही, आणि त्या नकारालाही प्रेक्षक रीतच समजतो. रीतीच्या नकारासाठी “शुडन्ट”, “कुडन्ट”, “डोन्ट वॉन्ट टू” एवढं पुरतं. मी तर काम सुरू करतानाच सगळे आग्रह-नकार एका कागदावर उतरवून प्रत्येकापुढे उघडा, अर्धवट की बंद असं लिहितो आणि मगच इंग्रजी शब्द वाटून देतो.

तुमचा दारातला प्रसंग माझ्यासमोर नाही, म्हणून त्याच जातीचा एक नमुना घेऊ. संध्याकाळ, अहमदआग़ा काही कागद परत द्यायला मीनाख़ानुमच्या दारात आले आहेत.

ती म्हणते, «बेफ़र्मायीद तू». तो, «न, मोज़ाहेम नेमीशम». ती, «चे मोज़ाहेमती! यक चायी बा हम मीख़ोरीम», म्हणजे व्यत्यय कसला, एक चहा घेऊ बरोबर. तो, «दस्तेतून दर्द नकोने, बायद बेरम», तुमचे हात दुखू नयेत, मला निघायला हवं. ती, «बे ख़ोदा तआरोफ़ नेमीकोनम, ग़ज़ा हाज़ेरे», देवाशपथ, तआरोफ़ करत नाहीये, जेवण तयार आहे. तो, «आख़े ज़हमत मीशे», पण तुम्हाला त्रास होईल. ती, «चे ज़हमती!» आणि तो बूट काढतो.

शब्दशः इंग्रजीत हे असं होतं: “कम इन.” “नो, आय वोन्ट डिस्टर्ब यू.” “व्हॉट डिस्टर्बन्स! लेट्स हॅव टी.” “थँक यू, आय मस्ट गो.” “आय स्वेअर टू गॉड आय ॲम नॉट बीइंग पोलाइट.” “बट इट विल बी ट्रबल.” “व्हॉट ट्रबल!” इंग्रजी प्रेक्षकाला काय दिसतं? जाण्याची घाई असलेला माणूस, त्याला सोडायला तयार नसलेली आणि एकदम देवाची शपथ घेणारी बाई, आणि मग काहीही न घडता बदललेलं मन. तुमच्या प्रेक्षकांना जे वाटलं ते अगदी यातूनच आलेलं असणार.

आता ओळीमागून ओळ पाहू. पहिली, “वोन्ट यू कम इन?”. नुसतं “कम इन” म्हटलं की तो आत आलाच असं इंग्रजीत गृहीत धरलं जातं. नकारार्थी प्रश्नात आमंत्रण आहे आणि नाही म्हणायला जागाही आहे, म्हणजे फारसी वाक्याचं वजन तेवढंच राहतं.

दुसरी, “आय डोन्ट वॉन्ट टू बॉदर यू.” सुरुवातीचा «न» मी मुद्दाम गाळला आहे. प्रेक्षकाला तो ऐकू येतो आणि फारसीतलं «न» न शिकताही कळतं, पण छापील “नो” त्याला जड करून टाकतं. चेहऱ्यावर हसू असेल तर “ओह” घालता येतो.

तिसरी, “नो बॉदर. जस्ट अ कप ऑफ टी.” इथे “जस्ट” हा शब्द फारसी ओळीत नाही. पण «यक चायी» मधल्या «यक»चं काम तेच आहे: मागणी लहान करून हो म्हणणं सोपं करायचं. आपण “अर्धा कप तरी घ्या” म्हणतो, त्या “तरी”सारखं.

चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची. «बायद बेरम» म्हणजे कोशात “मला गेलंच पाहिजे”. “मस्ट” किंवा “हॅव टू” लिहिलंत तर दार बंद होतं आणि पुढची तिची ओळ जबरदस्ती ठरते. मी लिहीन: “दॅट्स काइंड, बट आय शुड गो.” “शुड” म्हणणारा इंग्रज माणूस जायला हवं हे मान्य करतो आणि तरी जागचा हलत नाही. त्याने इथे कारण दिलेलं नाही, कुठे जायचं ते सांगितलेलं नाही, म्हणून हा नकार उघडा आहे. हेच वाक्य “बायद बेरम, मुलाला शाळेतून आणायचंय” असं असतं, तर मी “आय हॅव टू गो” लिहिलं असतं आणि मुलाचं कारण कितीही जागा लागली तरी ठेवलं असतं. हात न दुखण्याचं वाक्य मात्र सोडून द्या. «दस्तेतून दर्द नकोने» ही रोजची आभाराची पद्धत आहे, फारसी माणसाला त्यात हात दिसत नाहीत. इंग्रजीत हात दाखवलेत तर पात्र उगाच कविता करू लागतं.

पाचवी, “आय मीन इट. डिनर्स रेडी.” शपथ आणि तआरोफ़ हा शब्द, दोन्ही गेले. पण त्यांचं काम राहिलं: आतापर्यंतचं रीतीचं होतं, आता खरं बोलतेय. «तआरोफ़ नेमीकोनम» हे स्वतःही रीतीचं असू शकतं, म्हणून एकट्या त्या शब्दांवर भरवसा ठेवू नका. इथे तो आग्रह खरा ठरतो तो «ग़ज़ा हाज़ेरे»मुळे, आणि म्हणूनच जेवणाचा उल्लेख कोणत्याही परिस्थितीत कापायचा नाही.

सहावी, “इफ यू आर शुअर…”. कोशाप्रमाणे हे भाषांतर चूक आहे, कारण «आख़े ज़हमत मीशे»मध्ये “नक्की ना?” असं कुठेच नाही. पण फारसी कानाला हा नकार उरलेलाच नाही, हा होकार आहे, फक्त शेवटचं पाऊल तिने टाकायचं ठेवलंय. “इट विल बी ट्रबल” लिहिलंत तर बूट काढण्याच्या क्रियेला कारण उरत नाही. सातवी, “ऑफ कोर्स.” बूट निघतात, आणि आता कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही.

हाच प्रसंग दोन ओळींनंतर दुसरीकडे वळला असता तर? ती दार अर्धवट धरून «बेफ़र्मायीद तू» म्हणते, तो «मोज़ाहेम नेमीशम» म्हणतो, आणि ती «पस एन्शाल्लाह यक वक़्त-ए दीगे», बरं, पुन्हा कधीतरी, म्हणून हसते. इथे पहिली ओळ हलकी हवी: “वुड यू लाइक टू कम इन?”, नाहीतर “यू आर वेलकम टू कम इन.” शेवटी “अनदर टाइम, देन.” लिहिलं की इंग्रजी प्रेक्षकालाही कळतं की दोघांची सुटका झाली. फारसीत दोन्ही वेळा पहिलं वाक्य अक्षरशः सारखं, इंग्रजीत वेगळं. याला घाबरू नका. प्रसंग शेवटाकडून वाचायचा तो यासाठीच.

जागेचंही बघावं लागतं. साधारण मर्यादा ओळीला ४२ अक्षरांची, जास्तीत जास्त दोन ओळी, आणि सेकंदाला सुमारे १७ अक्षरं वाचता येतील असा हिशेब. काही ठिकाणी २० पर्यंत चालतं. तआरोफ़चे संवाद पटापट, एकमेकांवर चढत येतात. «न, मोज़ाहेम नेमीशम» म्हणायला सेकंद-सव्वा सेकंद लागतो. “आय डोन्ट वॉन्ट टू बॉदर यू.” हे इंग्रजीत विरामचिन्हासकट २७ अक्षरांचं आहे, त्याला दीड सेकंदाहून जास्त हवा. ओळ थोडी लांबवता येत असेल तर ठीक. नसेल तर “आय शुडन्ट इन्ट्रूड.” २० अक्षरांत बसतं, जरा औपचारिक आहे, पण वयस्क माणसाच्या तोंडी शोभतं. त्याहून घाई असेल तर नुसतं “आय शुडन्ट.”, १२ अक्षरं.

फेऱ्या मात्र गाळू नका. चार फेऱ्या ऐकू येत आहेत आणि पडद्यावर दोनच उमटल्या, तर प्रेक्षकाला वाटतं काहीतरी लपवलं जातंय. संख्या तीच ठेवा, लांबी कमी करा. “प्लीज.” “आय कुडन्ट.” “कम ऑन.” एवढ्यावरही फेरी उभी राहते. दोघं दारात एकमेकांना आधी जायला सांगत असतील तर काहीच शोधायला नको, “आफ्टर यू” इंग्रजीत तयारच आहे. “आय इन्सिस्ट” हे वाक्य मात्र सारखं सारखं वापरू नका, त्याने सगळी पात्रं जुन्या सरदारांसारखी बोलू लागतात. एका चित्रपटात एकदा पुष्कळ झालं.

आता टॅक्सी. «क़ाबेली नदारे» म्हणजे “तुमच्यापुढे याची काही किंमत नाही”. म्हणजे किमतीचा उल्लेख खरा, पण तुलना माणसाशी आहे. “इट्स फ्री”मध्ये माणूस गळून पडतो आणि किंमत तेवढी उरते, म्हणून ते चुकतं. “डोन्ट वरी अबाउट इट” त्याहून धोक्याचं, कारण इंग्रजीत ते खरोखर “राहू द्या, देऊ नका” असं आहे. «मेहमान-ए मा बाशीद»साठी “बी माय गेस्ट” हातातच येतं, पण इंग्रजीत त्याचा रोजचा अर्थ “खुशाल करा” असा झालाय. टॅक्सीत तो गोंधळ घालतो.

मी माणूस परत आणतो: “फॉर यू? नथिंग.” त्यातला सूर दिलदारीचा आहे, आणि दिलदारी ऐकली की प्रेक्षक लगेच ती पारखायला लागतो. मग प्रवाशाच्या ओळीवर खरं काम टाकायचं. तो «ख़ाहेश मीकोनम, चक़द्र मीशे?» म्हणतो, तिथे “यू आर व्हेरी काइंड. हाउ मच?” लिहा. पहिल्या वाक्याने सौजन्य पोचल्याची पावती दिली, दुसऱ्याने पैसे द्यायचेच आहेत हे ठरवलं. «ख़ाहेश मीकोनम» इथे “यू आर वेलकम” नाही, हे लक्षात असू द्या. तो शब्द आभाराला उत्तर, विनंती आणि “छे हो, असं काय!” अशी तिन्ही कामं करतो, इथे तिसरं.

एकाच परिस्थितीत मी हे बदलेन: टॅक्सीत परदेशी प्रवासी आहे, तो “थँक यू” म्हणून उतरून चालू लागतो आणि चालक बघत राहतो, असा प्रसंग असेल तर. तिथे गैरसमज हीच गोष्ट आहे. मग “नथिंग. यू आर माय गेस्ट.” असंच साधं लिहा, म्हणजे प्रेक्षकही त्या प्रवाशाबरोबर फसेल. आणि भाड्याचा आकडा तपासा. बोलताना तोमानमधले हजार बऱ्याचदा गाळतात, «सद तोमन» म्हणजे एक लाख तोमान असू शकतात. “अ हंड्रेड” लिहिलंत तर पुन्हा फुकटच वाटेल.

वस्तूची स्तुती केल्यावर येणारा «पीशकेश» किंवा «क़ाबेली नदारे» यालाही हीच रीत लागू. पीशकेश म्हणजे आपल्या इतिहासातली पेशकश, नजराणा. “रुमाल किती सुंदर!” “पीशकेश.” इथे “इट्स युअर्स” लिहिलं की इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने रुमालाचा मालक बदलला. “इट वुड सूट यू बेटर.” मध्ये देण्याचा भाव आहे, पण रुमाल गळ्यातच राहतो.

पात्रं तआरोफ़ हा शब्द स्वतः उच्चारतात तेव्हा दोन वाटा आहेत. जेवताना कुणी «तआरोफ़ नकोन» म्हटलं तर “डोन्ट बी शाय” किंवा “हेल्प युअरसेल्फ”. पण पात्रं त्या प्रथेवरच बोलत असतील, तिला कंटाळली असतील, तिची थट्टा करत असतील, तर शब्द तसाच तिरप्या अक्षरांत ठेवा. अर्थ वेगळा सांगण्यापेक्षा शेजारच्या वाक्यात पेरा, “ऑल दॅट पोलाइटनेस, ऑल दॅट तआरोफ़” अशा तऱ्हेने. एकदा पेरला की पुढे नुसता शब्द चालतो.

हे सगळं लिखित संवादांना लागू आहे, कारण तिथे शेवट तुम्हाला आधी दिसतो. प्रत्यक्ष दुभाष्याचं काम करताना तो दिसत नाही, आणि तिथे नकाराचं वजन स्वतःच्या अंदाजाने हलकं करणं योग्य नाही. रुग्णालयात नर्सने वेदनाशामक देऊ केलं आणि इराणी रुग्ण «ज़हमत नकेशीद», म्हणजे तसदी घेऊ नका, म्हणाला, तर तेच सांगायचं: “प्लीज डोन्ट गो टू एनी ट्रबल.” मग दुभाषा म्हणून, स्वतःच्या नावाने, वेगळं सांगायचं की फारसीत पहिला नकार सौजन्याचा असू शकतो, कृपया पुन्हा एकदा थेट विचारा. रुग्णालाही सांगायचं की तुम्ही असं म्हटलंय. न्यायालयात असं बोलण्यापूर्वी तिथले नियम पाहावे लागतात.

शेवटी तपासणी. फारसी अजिबात न येणाऱ्या एका व्यक्तीला फक्त तुमच्या इंग्रजी ओळी कागदावर द्या, चित्राशिवाय. दारातल्या प्रसंगात चौथ्या ओळीवर थांबवून विचारा, “हा आत जाईल का?” उत्तर “सांगता येत नाही, जाईल बहुतेक” असं यायला हवं. “नाही” आलं तर चौथी ओळ अजून कडक आहे. “ती सोडत का नाही त्याला?” असं विचारलं गेलं तर पाचवी बदला. टॅक्सीत “हाउ मच?”पाशी थांबवा आणि विचारा, “पैसे देईल का?” इथे मात्र उत्तर न अडखळता “हो” असं आलं पाहिजे.